वॉरंटी दहा वर्षांची, पण पार्ट मिळेल का?

बाथरूमच्या खरेदीत सर्वांत जपून घ्यायची वस्तू म्हणजे कन्सील्ड डायव्हर्टर. त्याची पितळी बॉडी टाइलमागे भिंतीत पुरली जाते आणि बाहेर फक्त प्लेट व दांडी दिसते. बेसिनचा नळ नाही आवडला तर तासाभरात बदलता येतो, पण ही बॉडी टाइल्स असेपर्यंत भिंतीतच राहणार. त्यामुळे डायव्हर्टरला दुप्पट पैसे मोजण्याआधी काही समजुती तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज: वॉरंटी दहा वर्षांची आहे, म्हणजे दहा वर्षं काळजी नाही.

कार्डावरचा मोठा आकडा बहुधा बॉडीच्या ओतकामातला दोष आणि कार्ट्रिजची गळती एवढ्यापुरताच असतो. मॅट ब्लॅक किंवा रोज गोल्ड फिनिशची मुदत बऱ्याचदा वेगळी आणि कमी असते. वॉशर, एरेटर, हँड शॉवरचा पाइप यांना तर अनेकदा वॉरंटी नसतेच. क्षारांमुळे किंवा पाण्यातल्या रेतीमुळे झालेला बिघाडही सहसा वगळलेला असतो. आपल्याकडे कितीतरी घरांत बोअरवेल आणि टँकरचं पाणी वापरलं जातं, त्यामुळे ही अट आधी वाचावी. कार्ट्रिजच्या आत दोन सिरॅमिक चकत्या एकमेकींवर घासून फिरतात. त्यांच्यामध्ये रेतीचा कण गेला की चरा पडतो आणि नळ बंद करूनही थेंब गळत राहतो. टाकीनंतरच्या लाइनला जाळीचा फिल्टर बसवला तर हा त्रास बराच कमी होतो.

टाइल फोडण्याचा खर्चही बहुतेक वॉरंटीत धरलेला नसतो. पार्टचं महत्त्व इथेच कळतं.

समजा, साताऱ्यातल्या एका घरात पुण्याहून आणलेला डायव्हर्टर बसवला आहे. सहा वर्षांनी शॉवर बंद असतानाही ठिबकायला लागतो. प्लंबर पाणी बंद करतो, दांडी आणि प्लेट काढतो, आतला नट सोडवतो आणि कार्ट्रिज बाहेर ओढतो. तेच कार्ट्रिज हाताशी असेल तर काम साधारण अर्ध्या तासाचं. मात्र ते मॉडेल बंद झालं असेल आणि पार्ट कुठेच मिळत नसेल, तर बॉडीच बदलावी लागते. म्हणजे टाइल्स फोडा, पाइपचे जोड नव्याने करा, वॉटरप्रूफिंग दुरुस्त करा आणि त्याच शेडच्या टाइल्स शोधा, ज्या सहा वर्षांनी बहुधा मिळत नाहीत. एका छोट्या पार्टपायी हजारोंचा खर्च होतो.

गैरसमज: कार्ट्रिज सगळी सारखीच, प्लंबर कुठलंही बसवतो.

बेसिनच्या सिंगल लिव्हर नळात ३५ आणि ४० मिलिमीटरची कार्ट्रिज सर्रास असतात, तिथे बाजारातलं एखादं जुळूनही जातं. तरी मापावर भरवसा ठेवू नये, कारण उंची, खालच्या खुंट्या आणि सीलची जागा वेगळी असते. डायव्हर्टरच्या कार्ट्रिजमध्ये पाण्याच्या वाटा कंपनीने आपल्या बॉडीप्रमाणे आखलेल्या असतात. तिथे दुसऱ्या कंपनीचं सहसा चालत नाही.

गैरसमज: शहरात मोठं शोरूम आहे, म्हणजे सर्व्हिसही आहे.

शोरूम बहुधा विक्रेत्याचं असतं. दुरुस्तीला माणूस कंपनी पाठवते, आणि तुमच्या तालुक्यात तिचा माणूस येतो का हे शोरूमच्या झगमगाटावरून कळत नाही. पैसे देण्याआधी कस्टमर केअरला फोन करून आपला पिनकोड सांगा. माणूस किती दिवसांत येतो, व्हिजिट चार्ज किती आणि पार्ट त्याच्याकडे असतो की मागवावा लागतो, हे विचारा. मग विक्रेत्याला सांगा की याच डायव्हर्टरच्या कार्ट्रिजचा पार्ट नंबर आणि किंमत दाखवा. त्याहून चांगली कसोटी म्हणजे याच कंपनीच्या चार-पाच वर्षांपूर्वी बंद झालेल्या मॉडेलचा पार्ट आज मिळतो का, हे विचारणं. माझ्या मते या एका उत्तराला कॅटलॉगच्या सगळ्या पानांपेक्षा जास्त वजन द्यावं. उत्तर गुळमुळीत आलं, तर स्वस्त पण पार्ट मिळणारा डायव्हर्टर घ्यावा.

इम्पोर्टेड माल असेल तर खोक्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव, पत्ता आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापलेला असायला हवा. तो नसेल तर वॉरंटी कोणाकडे मागणार?

घेतलेल्या वस्तूचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर मॉडेल नंबर लिहून घ्या. टाइल लावण्याआधी भिंतीतल्या बॉडीचा मोजपट्टी धरून फोटो काढा. बॉडीवर बहुधा किमान आणि कमाल खोलीच्या खुणा असतात. टाइलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्ये येतो की नाही, हे गवंडी असतानाच पाहा. बॉडी जास्त आत गेली तर प्लेट-दांडी नीट बसत नाही आणि एक्स्टेन्शन किट शोधावं लागतं. चूक बसवण्यातली असल्यामुळे कंपनी ते बहुधा वॉरंटीत धरत नाही.