‘पाच दाबा’ म्हटल्यावर यंत्राला पाच कसा ओळखू येतो?

‘मराठीसाठी एक दाबा’ ऐकून आपण बटण दाबतो तेव्हा फोनमधून दोन सूर एकत्र निघतात. बटणाची आडवी ओळ एक सूर ठरवते आणि उभा रकाना दुसरा. उदाहरणार्थ, 5 दाबला की 770 आणि 1336 हर्ट्झ. असे एकूण आठच सूर आहेत. पलीकडच्या यंत्राला फक्त त्यांतले कोणते दोन वाजले एवढंच हवं असतं.

एफएफटी ही पद्धत आवाजातल्या सगळ्या सुरांचा हिशेब एकदम मांडते. पण 256 नमुन्यांच्या एफएफटीतून मिळणाऱ्या शंभराहून जास्त उत्तरांपैकी आपल्या कामाची आठच. म्हणून इथे जेराल्ड गर्टझेल यांनी 1958 साली मांडलेली रीत वापरतात.

झोपाळा आठवा. झोपाळ्याच्या लयीत धक्के दिले तर झोका वाढत जातो. लय चुकली तर धक्के एकमेकांना खोडतात. गर्टझेलची रीत म्हणजे आकड्यांचा असाच झोपाळा. मागच्या दोन स्थितींवरून पुढची स्थिती काढायची आणि आवाजाचा नवा नमुना `x` धक्का म्हणून मिळवायचा:

```
s  = x + c*s1 - s2
s2 = s1
s1 = s
```

`c` हा आकडा झोपाळ्याची लय ठरवतो. सेकंदाला 8000 नमुने असतील तर 770 हर्ट्झसाठी `c = 2*cos(2*pi*770/8000)`, म्हणजे सुमारे 1.645. तो एकदाच काढून ठेवायचा. दर नमुन्याला एकच गुणाकार लागतो आणि प्रत्येक सुरासाठी दोनच आकडे लक्षात ठेवावे लागतात. 205 नमुन्यांनंतर झोका किती चढला ते पाहायचं:

```
P = s1*s1 + s2*s2 - c*s1*s2
```

5 दाबला असेल आणि प्रत्येक सुराची उंची 1 असेल, तर 770 च्या झोपाळ्यावर `P` दहा हजारांच्या आसपास येतो. शेजारच्या 697 वर तो शंभरापर्यंतच राहतो. त्यामुळे गोंधळ होत नाही.

205 नमुने म्हणजे सुमारे 26 मिलिसेकंद. घाईने 80 नमुन्यांवरच थांबलो तर शेजाऱ्यांमधला फरक जेमतेम दहापट उरतो आणि थोडी खरखरही चूक घडवू शकते. उलट फार वेळ ऐकत बसलो तर पटकन दाबून सोडलेलं बटण निसटतं.

नेहमीची चूक म्हणजे नव्या तुकडीआधी `s1` आणि `s2` शून्य न करणं. या झोपाळ्याला घर्षण नाही, त्यामुळे जुना झोका तसाच राहतो आणि बटण सोडल्यावरही 5 दिसत राहतो.

दुसरा धोका माणसाच्या आवाजाचा. बोलण्यातही 770 हर्ट्झ असू शकतो. म्हणून ओळीचा एक आणि रकान्याचा एक असे दोनच सूर जोरात हवेत, आणि आवाजाची बहुतेक ऊर्जा त्यांच्यातच हवी. ती इतरत्र विखुरलेली असेल तर कोणीतरी बोलतंय असं समजायचं.

आठाऐवजी शंभर सूर शोधायचे असते तर मात्र शंभर झोपाळे हलवण्यापेक्षा एफएफटीच स्वस्त पडली असती.