दुकानातून घरखर्चासाठी घेतलेले पैसे हिशेबात कुठे लिहायचे?

एकल मालकीच्या व्यवसायात कायद्याने मालक आणि दुकान वेगळे नसतात. हिशेबात मात्र दोघे वेगळे धरले जातात. मालकाने दुकानात घातलेला पैसा म्हणजे 'भांडवल' आणि दुकानातून स्वतःसाठी काढलेला पैसा किंवा माल म्हणजे 'उचल'.

एका किराणा दुकानाचे उदाहरण घेऊ. 1 एप्रिलला मालकाचे भांडवल 2,00,000 रुपये होते. दिवाळीपूर्वी माल भरण्यासाठी त्याने स्वतःच्या बचत खात्यातून 50,000 रुपये दुकानाच्या बँक खात्यात भरले. याची नोंद अशी होईल:

बँक खाते नावे 50,000
भांडवल खाते जमा 50,000

घरखर्चासाठी त्याने गल्ल्यातून वर्षभरात 1,80,000 रुपये घेतले. दर वेळी उचल खाते नावे आणि रोकड खाते जमा होते. याशिवाय 20,000 रुपयांचा किराणा घरी गेला. तिथे रोकड हलत नाही, त्यामुळे उचल खाते नावे आणि खरेदी खाते जमा होते. ही रक्कम विक्रीच्या नव्हे, खरेदीच्या किमतीने धरतात, कारण स्वतःलाच माल देऊन नफा होत नाही. जीएसटीत नोंदणी असेल, तर या मालावर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिटही परत करावे लागते.

वर्षअखेर उचल खात्यातले 2,00,000 भांडवल खात्याच्या नावे टाकून उचल खाते बंद करतात. वर्षाचा नफा 3,00,000 असेल, तर अखेरचे भांडवल असे निघते:

2,00,000 + 50,000 + 3,00,000 − 2,00,000 = 3,50,000

आता समजा, घरखर्चाचे 1,80,000 'दुकान खर्च' म्हणून लिहिले आणि बँकेत भरलेले 50,000 'विक्री' म्हणून. मग नफा 1,70,000 दिसेल. त्यातून मालाची 20,000 उचल वजा केली, तरी भांडवल 3,50,000 हेच येईल. म्हणजे ताळेबंद तंतोतंत जुळेल, पण नफा 1,30,000 रुपयांनी कमी दाखवलेला असेल. आयकर नफ्यावर लागतो, आणि घरखर्च हा दुकानाचा खर्च म्हणून वजा करता येत नाही. त्यामुळे हिशेब तपासला गेला तर ही नोंद अडचणीत आणते.

ताळेबंद जुळला म्हणून ही चूक सापडत नाही. त्यासाठी बँक पासबुक समोर घ्यावे लागते. ज्या जमा रकमेमागे विक्रीचे बिल किंवा उधारीची वसुली नाही, ती मालकाने भरलेली आहे का ते पाहावे. ज्या खर्चाचे दुकानाच्या कामाशी नाते नाही, उदाहरणार्थ मुलांची फी, घराचे वीजबिल किंवा स्वतःचा आयुर्विमा हप्ता, तो दुकानाच्या खात्यातून गेला असला तरी उचलच असतो.