चौदा तारखेची घाई आणि व्यापाऱ्याचा ओटीपी

दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होते. पुरवठादारांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची ही यादी. खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट किती घ्यायचं ते तिच्यावरून ठरतं आणि दरमहा ३बी भरणाऱ्यांची मुदत २० तारखेला संपते. ज्या करसल्लागाराकडे चाळीस व्यापाऱ्यांचं काम आहे, त्याच्या ऑफिसात एवढ्या दिवसांत चाळीसदा लॉगिन करून फाइली उतरवायच्या असतात. मग कुणीतरी हुशार मुलगा ब्राउझर आपोआप चालवणारी स्क्रिप्ट लिहितो.

स्क्रिप्ट बंद पडली तर निदान कळतं. न बोलता चुकली की पंचाईत. लॉगिननंतर एखादी नवी सूचना मध्येच उघडते, महिना निवडायचा राहतो आणि मागच्याच महिन्याची फाइल नव्या नावाने फोल्डरात जाऊन बसते. म्हणून उतरवलेली जेसन फाइल उघडून तिच्यातला `gstin` आणि `rtnprd`, म्हणजे कोणाची आणि कोणत्या महिन्याची, एवढं तरी ताडून पाहावं. फाइलच्या नावावर भरवसा ठेवू नये.

ओटीपीचा प्रश्न याहून गंभीर. ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच दुहेरी पडताळणी लागू झाली. त्यावर काही ऑफिसांची युक्ती अशी, की व्यापाऱ्याच्या फोनवरचे मेसेज आपोआप इकडे वळवणारं ॲप टाकायचं. पासवर्ड आधीच एक्सेलमध्ये, आता ओटीपीही त्याच कॉम्प्युटरवर. दोन कुलपांच्या किल्ल्या एकाच खिळ्याला टांगल्या, आणि त्या फोनवर बँकेचेही ओटीपी येतात!

२बीसाठी सरळ रस्ता आहे. व्यापाऱ्याने स्वतः लॉगिन करून My Profile मधल्या Manage API Access मध्ये परवानगी द्यायची आणि ती ६ तास ते ३० दिवस यांपैकी किती काळ हवी ते निवडायचं. मग जीएसटी सुविधा पुरवठादारामार्फत जोडलेलं सॉफ्टवेअर ओटीपी मागवतं. तो व्यापाऱ्याच्याच मोबाइलवर येतो. त्याने तो एकदा दिला, की निवडलेली मुदत संपेपर्यंत सॉफ्टवेअर पुन्हा ओटीपी न मागता आकडे आणू शकतं. ऑफिसला पासवर्ड लागतच नाही आणि पोर्टलवरचं बटण हललं तरी काही बिघडत नाही.

कटकट आहेच. महिनाभराने परवानगी पुन्हा घ्यावी लागते, व्यापारी फोन उचलत नाही, सॉफ्टवेअरचं भाडं वेगळं. पाच-सात व्यापारी असतील तर मी म्हणेन, लॉगिन आणि डाउनलोड हातानेच करा आणि स्क्रिप्टला त्यापुढचं काम द्या: फोल्डरातल्या फाइली तपासणं, खरेदीच्या नोंदींशी बिलं जुळवणं, न जुळलेल्यांची यादी काढणं. खरा वेळ तिथेच जातो आणि तिथे ओटीपी कुणी मागत नाही.