दसऱ्याचा झेंडू, दिवाळीचं कार्ड

दसरा ते लक्ष्मीपूजन यांत साधारण वीस दिवस असतात. झेंडूच्या पाकळ्या दाबून नीट वाळायलाही एवढाच अवधी लागतो. त्यामुळे दिवाळीची शुभेच्छापत्रं घरी करायची असतील, तर तयारी दसऱ्यालाच सुरू होते: तोरणासाठी आणलेल्या झेंडूतली दोन-तीन ताजी, कोरडी फुलं बाजूला काढायची.

अख्खा झेंडू मात्र दाबू नये. फूल गच्च असतं, आतला ओलावा बाहेर पडत नाही आणि आठवड्याभरात मध्यभागी बुरशी धरते. पाकळ्या सुट्या करून वर्तमानपत्राच्या घडीत, एकमेकींना न चिकटतील अशा पसराव्यात आणि वर जाडजूड पुस्तकांचं ओझं ठेवावं. पहिले तीन-चार दिवस रोज कागद बदलावा. बहुतेक जण इथेच आळस करतात, आणि पाकळ्या तपकिरी पडतात त्या ओलसर राहिलेल्या कागदामुळेच. पाकळी वाळली की नाही हे ओळखणं सोपं आहे. चिमट्यात आडवी धरल्यावर ती ताठ राहिली तर तयार. लवली किंवा गालाला लावल्यावर गार लागली, तर अजून ओल आहे.

कुठलं फूल निवडायचं हे रंगावर ठरतं. झेंडू आणि कॉसमॉस यांचे पिवळे-केशरी रंग चांगले टिकतात. लाल गुलाब वाळल्यावर काळपट दिसतो, गोकर्णाची निळाई उजेडात हळूहळू उतरते. पारिजातकाचा मोह अनेकांना होतो, पण त्याच्या पांढऱ्या पाकळ्या तपकिरी होऊन जातात, केशरी देठ तेवढा शाबूत राहतो. बोगनवेल मुळातच कागदासारखी पातळ, त्यामुळे नवशिक्यांनी तिच्यापासून सुरुवात करावी.

आता कार्ड. अडीचशे जीएसएमचा जाड कागद पुरतो. ए-फोर आकाराच्या एका कागदाचे दोन भाग केले आणि प्रत्येक भाग मधोमध दुमडला, की साडेदहा बाय पावणेपंधरा सेंटिमीटरची दोन कार्डं मिळतात. दुमडण्याआधी कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा. एका दिशेने तो सहज वाकतो, दुसऱ्या दिशेने अडतो. घडी सहज वाकणाऱ्या दिशेनेच घालावी, नाहीतर कडेला कागदाचे तंतू फाटून घडी खरबरीत दिसते. घडीच्या जागी पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनने एकदा रेघ दाबून घेतली की घडी सुरीसारखी सरळ पडते.

हातकागद मिळाला तर उत्तमच. पुण्यात १९४० साली स्थापन झालेल्या हातकागद संस्थेत झाड न तोडता, सुती कापडाच्या कात्रणांच्या लगद्यापासून कागद तयार होतो. त्याच्या किंचित खडबडीत पृष्ठभागावर पाकळी आणि खण दोन्ही शोभतात.

खण हवाच, कारण त्याच्या बारीक विणीच्या नक्षीत कार्डाची निम्मी शोभा असते. शिंप्याकडे ब्लाउजांचे उरलेले तुकडे सहज मिळतात. अडचण एकच: कापला की खण उसवतो. म्हणून कापण्याआधी तुकड्याच्या मागे कणकेची पातळ खळ लावून पातळ कागद चिकटवावा, वजनाखाली पूर्ण वाळू द्यावा आणि मगच पणतीचा आकार कापावा. दोरे सुटत नाहीत, कड धारदार येते. कार्डावर चिकटवताना डिंक खणाच्या मागे, तोही कडेकडेनेच आणि अगदी पातळ लावावा. कार्डावर सढळ हाताने थापला तर कागद ओल पिऊन फुगतो आणि वाळल्यावर वाकडा होतो.

पणती चिकटली की तिच्यावर ज्योत. झेंडूची पाकळी देठाकडे निमुळती आणि टोकाला रुंद, झालरीसारखी असते. ती उलटी ठेवावी, निमुळतं टोक वर आणि झालर पणतीत, की ज्योत आपोआप तयार होते. पाकळीला टूथपिकच्या टोकाने डिंकाचे दोनच ठिपके द्यावेत. वरून प्लॅस्टिकचं लॅमिनेशन करण्याचा मोह टाळावा; त्यात खणाचा पोतच हरवतो. त्यापेक्षा पाकळीवर बटर पेपरचा तुकडा ठेवून कार्ड पाकिटात घालावं. हळदीकुंकवाच्या आमंत्रणालाही हीच रीत चालते. मजकूर मात्र सजावट करण्याआधी, कागद सपाट असतानाच लिहून घ्यावा.

अशा कार्डाचा कागद जेमतेम आठ ग्रॅम भरतो. खण, पाकळी आणि पाकीट धरूनही ते वीस ग्रॅमच्या आत राहतं, म्हणजे साध्या टपालाच्या पहिल्याच टप्प्यात बसतं. तरी एक पाकीट टपाल कार्यालयात तोलून पाहावं आणि मगच बाकीच्यांवर तिकिटं लावावीत.