आठ पेशवे, एक वाक्य आणि एक वंशवृक्ष

सदाशिव पेठेतल्या आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये इतिहासाच्या वह्या उघडल्या तर घराण्यांची यादी दोन तऱ्हांनी लिहिलेली दिसते. एका वहीत पहिल्या अक्षरांचे मंत्र असतात, दुसरीत रंगीत फांद्यांचे मोठे माइंड मॅप. या दोन्हींबद्दल दोन ठाम मते आहेत. युक्त्या म्हणजे पोपटपंची, त्यांनी समज मारली जाते, असे एक मत. माइंड मॅप काढला की विषय आपोआप समजतो आणि लक्षातही राहतो, हे दुसरे. दोन्ही मते चुकीची आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच घोटाळा आहे: क्रम लक्षात ठेवणे आणि कारण समजणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे विसरले जाते. ती दोन वेगळ्या साधनांकडे सोपवावी लागतात. पुण्यातल्या वाचकाला रोजच्या रस्त्यावर भेटणाऱ्या भट घराण्यातल्या पेशव्यांचेच उदाहरण घेऊ. नावे आठच आहेत, पण त्यांच्या क्रमात विद्यार्थी वारंवार अडखळतो.

युक्ती समजेला मारते, हा पहिला गैरसमज. गॉर्डन बॉवर आणि मायकल क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी 1969 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना दहा-दहा नामांच्या बारा याद्या एकामागून एक पाठ करायच्या होत्या. एका गटाने प्रत्येक यादीतले शब्द ओवून स्वतःची छोटी गोष्ट रचली, दुसऱ्याने नेहमीसारखे पाठांतर केले. शेवटी सगळ्या याद्या विचारल्या तेव्हा गोष्ट रचणाऱ्यांना सुमारे 93 टक्के शब्द आठवले, दुसऱ्या गटाला 13 टक्के. फरक प्रचंड आहे, पण हा प्रयोग कशाचा होता हेही पाहिले पाहिजे. शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, म्हणजे समजून घेण्यासारखे त्यात काही नव्हतेच. गोष्टीने क्रम धरून ठेवला, तेवढेच तिचे काम होते. युक्ती समज वाढवत नाही आणि मारतही नाही. ती क्रम सांभाळते आणि त्यामुळे विचार करायला डोके मोकळे राहते.

आता पेशव्यांवर ती चालवून पाहू. पहिली अक्षरे सरळ घेतली तर बाळाजी विश्वनाथ, बाजीराव, बाळाजी बाजीराव, माधवराव, नारायणराव, रघुनाथराव, सवाई माधवराव, दुसरा बाजीराव यांची ओळ होते बा-बा-बा-मा-ना-र-स-बा. आठांपैकी चार ‘बा’. म्हणजे जिथे गोंधळ होतो नेमकी तिथेच युक्ती मुकी. आद्याक्षरांची युक्ती अक्षरे वेगळी असतील तरच उपयोगी पडते, ही तिची पहिली मर्यादा. म्हणून बाळाजी विश्वनाथांसाठी ‘वि’, बाळाजी बाजीरावांसाठी त्यांच्या नानासाहेब या रूढ नावाचे ‘ना’ आणि दुसऱ्या बाजीरावासाठी ‘दु’ घ्यावे. मग वाक्य होते: विठूने बाजारातून नारळ मागवले, नाक्यावर रक्कम सहज दुणावली. यात दोनदा येणारा ‘ना’ अजून घोळ घालू शकतो. तो सोडवायला दुसरी युक्ती नको, एक वस्तुस्थिती पुरते: ‘मा’च्या आधीचा ‘ना’ माधवरावांचा बाप, नंतरचा त्यांचा धाकटा भाऊ. युक्तीचे भोक समजेने बुजवायचे ते असे.

पण वाक्य पाठ झाले की क्रम कळला, हा दुसरा गैरसमज आणि तो जास्त घातक आहे, कारण तो यशासारखा वाटतो. वाक्यातले सगळे शब्द सारख्याच वजनाचे असतात, इतिहासातला काळ तसा नसतो. एक कागद आडवा ठेवून 21 सेंटिमीटरची रेघ ओढा आणि एक सेंटिमीटर म्हणजे पाच वर्षे धरा. 1713 पासून 1818 पर्यंतची 105 वर्षे त्यात बरोबर बसतात. 1720 ला बाजीराव, 1740 ला नानासाहेब, 1761 ला माधवराव अशा खुणा करत गेलात की चार-चार सेंटिमीटरचे तुकडे पडतात, आणि 1772 पाशी एकदम गर्दी होते. माधवराव थेऊरला वारतात, 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून होतो, रघुनाथराव गादीवर येतात आणि पुढच्या वर्षी पुरंदरावर जन्मलेल्या तान्ह्या सवाई माधवरावाला पेशवाईची वस्त्रे मिळतात. हे सगळे अर्ध्या सेंटिमीटरच्या आत. नारायणरावांचा वाटा तर जेमतेम दोन मिलिमीटर. ही गर्दी दिसली की ‘इथे काय झाले?’ हा प्रश्न आपोआप पडतो. वाक्य तो प्रश्न कधीच पाडत नाही.

याच रेघेच्या वर सातारच्या गादीची दुसरी रेघ ओढावी, कारण एकरेषी यादी आणखी एक चुकीचे चित्र रुजवते: आधी छत्रपती झाले, मग पेशवे. पेशवेपद शिवकाळापासूनचे आहे, मोरोपंत पिंगळे भटांच्या कितीतरी आधीचे. शाहू छत्रपती 1749 पर्यंत होते, म्हणजे भट घराण्याचे पहिले दोन पेशवे पूर्णपणे आणि नानासाहेब पहिली नऊ वर्षे त्यांच्या हाताखाली होते. शाहूंनंतर रामराजा 1777 पर्यंत, मग दुसरे शाहू 1808 पर्यंत, त्यानंतर प्रतापसिंह. पेशवा बदलला की वस्त्रे साताऱ्याहूनच येत. शाहूंच्या मृत्यूनंतर सत्तेचा खरा भार पुण्याकडे सरकला, गादी मात्र साताऱ्यातच राहिली. ही दुसरी रेघ नसेल तर पेशवे हे छत्रपतींनंतरचे राजघराणे होते असे विद्यार्थी प्रामाणिकपणे लिहून येतो. यादीने काय गाळले तेही रेघेवर दिसते. 1796 मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी काही महिने पेशवा होता. तो आठांच्या यादीत सहसा नसतो, वाक्यात तर नाहीच.

तिसरा गैरसमज माइंड मॅपबद्दलचा. मधे विषय आणि चहूकडे फांद्या ही टोनी बुझानने 1970 च्या दशकात लोकप्रिय केलेली रीत. ती विषयाचे पैलू मांडायला चांगली आहे, पण गोल पसरलेल्या फांद्यांना आधी-नंतर नसते. मधे ‘पेशवे’ लिहून आठ फांद्या काढल्या तर हाती येते ती तीच यादी, फक्त रंगीत. घराण्यांसाठी उपयोगी पडतो तो वंशवृक्ष, आणि तोही असा की प्रत्येक जोडरेषेवर एखादे क्रियापद लिहिलेले असेल. बाजीरावाखाली दोन मुलगे लिहा, नानासाहेब आणि रघुनाथराव. नानासाहेबांखाली तीन: विश्वासराव, माधवराव, नारायणराव. विश्वासरावांपाशी लिहा ‘पानिपतावर पडले, 14 जानेवारी 1761’. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर वारले, म्हणून गादी दुसऱ्या मुलाकडे, सोळा वर्षांच्या माधवरावांकडे आली. क्रमातला ‘मा’ तिथे का आहे ते एका रेषेत कळले. आणि त्या वेळी काका रघुनाथराव जाणते, लढाया गाजवलेले होते. पुढच्या सगळ्या भांडणाचे बी इथेच आहे.

वृक्ष पुढे वाढवला की नारायणरावांखाली सवाई माधवराव येतो आणि रघुनाथरावांखाली दुसरा बाजीराव. इथे डोळे थबकले पाहिजेत. शेवटचा पेशवा वृक्षात आपल्या आधीच्या पेशव्याच्या एक पिढी वर बसतो. तो सवाई माधवरावाचा नात्याने चुलता, पण वयाने लहान: एकाचा जन्म एप्रिल 1774 चा, दुसऱ्याचा जानेवारी 1775 चा. पिढीप्रमाणे खाली उतरत क्रम लावणारा इथे हमखास चुकतो. कारण मात्र वृक्षातच आहे. 1795 मध्ये सवाई माधवराव निपुत्रिक वारला, नानासाहेबांची शाखा संपली आणि ज्या राघोबांना बारभाईंनी दूर ठेवले होते त्यांच्याच मुलाकडे गादी गेली. म्हणजे क्रम वाक्याने धरायचा, काळाचे माप रेघेने दाखवायचे आणि क्रम असा का लागला ते वृक्षाने सांगायचे. एकाचे काम दुसरा करत नाही.

तरीही, इतकी सुंदर आकृती काढली म्हणजे ती डोक्यात उतरली असे नाही. जेफ्री कार्पिक आणि जॅनेल ब्लंट यांनी 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याच प्रश्नावरचा प्रयोग मांडला. एका गटाने मजकूर समोर ठेवून त्याचे संकल्पना-नकाशे काढले, दुसऱ्याने मजकूर वाचून, तो मिटवून, आठवेल ते लिहून काढले. आठवड्यानंतर आठवून लिहिणारा गट पुढे होता, अगदी अंतिम परीक्षेत नकाशाच काढायला सांगितला तेव्हाही. म्हणून वृक्ष पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर काढायचा, मग पुस्तकाशी ताडून चुका वेगळ्या शाईने भरायच्या आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा कोरा कागद घ्यायचा. समज टिकली की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. उलटा क्रम सांगता आला पाहिजे आणि मधलेच नाव उचलून ‘हा का आला, त्याच्या जागी कोण येऊ शकला असता?’ याचे उत्तर देता आले पाहिजे. वाक्य पहिल्यापासून म्हटल्याशिवाय पाचवा पेशवा सांगता येत नसेल, तर पाठ झाले आहे ते वाक्य, पेशवे नव्हेत.

यावर एक रास्त आक्षेप असा की बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षेत एवढा वेळ कुणाला आहे. तिथे मंत्र पुरतो. ‘कालानुक्रमे लावा’ एवढाच प्रश्न असेल तर पुरतो, हे मान्य केले पाहिजे. पण जोड्या लावा, विधान आणि कारण, यांपैकी कोण समकालीन, असे प्रश्न त्याच पत्रिकेत असतात आणि तिथे मंत्र हात वर करतो. शिवाय राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. तिथे क्रम हा उत्तराचा सांगाडा ठरतो, उत्तर नव्हे. वेळेचा हिशेबही वाटतो तसा नाही, कारण रेघ आणि वृक्ष एकदाच शिकायचे असतात, नंतरची प्रत्येक उजळणी काही मिनिटांची.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: आकर्षक गोष्ट रचली की तीच खरी वाटू लागते. हे खरोखर घडते. नारायणरावांच्या खुनाशी जोडलेली ‘ध’चा ‘मा’ ही कथा स्मरणाला इतकी घट्ट चिकटते, की आनंदीबाईंनी पत्रातले अक्षर बदलले हे सिद्ध झालेले सत्य म्हणून लिहिले जाते. प्रत्यक्षात ती परंपरेने सांगितलेली कथा आहे. यावर उपाय एकच. आठवणीची गोष्ट एक तर उघड काल्पनिक हवी, विठूच्या नारळांसारखी, जिला कुणी इतिहास समजणार नाही. किंवा पूर्ण खरी हवी, पर्वती, थेऊर आणि शनिवारवाडा अशा जागांसारखी. मधली, अर्धवट खरी गोष्ट टाळावी.

हीच रीत मोठ्या पटावर, दख्खनच्या घराण्यांना लावताना एक बदल करावा लागतो. चालुक्य, राष्ट्रकूट, पुन्हा चालुक्य, यादव ही ओळ पाठ करायला सोपी, पण तिथले पहिले चालुक्य बदामीचे आणि दुसरे कल्याणीचे. मधे आठव्या शतकाच्या मध्यापासून 973 पर्यंत राष्ट्रकूट. ओळीत शिलाहारांना जागाच नाही, कारण कोकणात आणि कोल्हापुरात ते कधी राष्ट्रकूटांचे, कधी चालुक्यांचे मांडलिक म्हणून बाजूने चालत होते. त्याआधीच्या वाकाटकांच्या तर दोन शाखा एकाच वेळी होत्या, एक नंदिवर्धनची आणि एक वत्सगुल्मची, म्हणजे आजच्या वाशीमची. इथे वंशवृक्ष नको, समांतर पट्ट्या हव्यात: वर सार्वभौम सत्ता, खाली मांडलिक, आणि जिथे एकाने दुसऱ्याचे जू झुगारले तिथे दोन पट्ट्यांना जोडणारा बाण. दंतिदुर्गाने बदामीच्या चालुक्यांना आणि पुढे तैलपाने राष्ट्रकूटांना हटवले ते मांडलिकपणातून उठूनच. देवगिरीचे यादवही कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिकच होते. बाण काढले की तिन्ही वेळा तो खालच्या पट्टीतून वर गेलेला दिसतो.