नफ्याच्या ओळीखाली उरलेला हिशेब

मोठ्या कंपनीचे नफा-तोटा पत्रक करोत्तर नफ्याच्या ओळीवर संपत नाही. त्या ओळीखाली ‘इतर सर्वसमावेशक उत्पन्न’ नावाचा आणखी एक भाग असतो. हिशेबनीस आणि लेखापरीक्षक त्याला ‘ओसीआय’ म्हणतात. वरचा नफा आणि हा खालचा आकडा मिळून ‘एकूण सर्वसमावेशक उत्पन्न’ होते. भारतात हा भाग इंड एएस या लेखा-मानकांबरोबर आला. 500 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक नेटवर्थ असलेल्या कंपन्यांना ही मानके 1 एप्रिल 2016 पासून, तर बाकीच्या बहुतेक सूचिबद्ध कंपन्यांना 2017 पासून लागू झाली. जुन्या मानकांवर चालणाऱ्या लहान कंपन्यांच्या पत्रकात ही ओळ दिसत नाही.

या ओळीखाली येणाऱ्या बाबी मोजक्या आहेत. त्यांतली सर्वांत बोलकी बाब म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे दीर्घकाळासाठी धरून ठेवलेले शेअर्स. असे शेअर्स ताळेबंदात खरेदीच्या किमतीला राहत नाहीत. प्रत्येक ताळेबंदाच्या तारखेला त्यांचे रास्त मूल्य काढावे लागते. बाजारात नोंदलेल्या शेअरचे रास्त मूल्य म्हणजे त्या दिवसाचा बाजारभाव. भाव चढला तर फायदा, उतरला तर तोटा, आणि तो कोठेतरी दाखवावाच लागतो. खरेदी-विक्रीच्या धंद्यासाठी घेतलेल्या शेअर्सचा चढउतार थेट नफ्यात जातो. बाकीच्या शेअर्सबाबत कंपनीला खरेदीच्या वेळीच एक पर्याय मिळतो, तो असा की भावातले बदल ओसीआयमध्ये दाखवता येतात. प्रत्येक गुंतवणुकीसाठी हा पर्याय स्वतंत्रपणे निवडता येतो, पण एकदा निवडला की मागे फिरता येत नाही. भाव पडल्यावर सोय बघून रकाना बदलण्याची वाट त्यामुळे बंद होते. ही मुभा फक्त समभागांना आहे. म्युच्युअल फंडाचे युनिट परत करून पैसे मागता येतात, म्हणून मानकांच्या दृष्टीने ते समभाग ठरत नाहीत आणि त्यांच्या मूल्यातला बदल नफ्यातच धरावा लागतो.

समजा, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याने दुसऱ्या कंपनीचे 1 लाख शेअर्स प्रत्येकी 500 रुपयांना घेतले, म्हणजे 5 कोटी रुपये गुंतवले आणि ओसीआयचा पर्याय निवडला. 31 मार्चला भाव 620 रुपये झाला. ताळेबंदात गुंतवणूक 6 कोटी 20 लाखांची दिसेल. वाढलेल्या 1 कोटी 20 लाखांवर पुढे कधीतरी भांडवली नफ्याचा कर द्यावा लागणार. अधिभार बाजूला ठेवून 12.5 टक्के धरला तर तो 15 लाख होतो आणि त्याची तरतूद त्याच वर्षी होते. उरलेले 1 कोटी 5 लाख ओसीआयमध्ये जातात. कारखान्याचा स्वतःचा नफा 4 कोटी असेल तर एकूण सर्वसमावेशक उत्पन्न 5 कोटी 5 लाख होईल. पण कंपनीचे स्वतःचे 40 लाख शेअर्स असतील, तर प्रतिशेअर मिळकत 4 कोटींवरच मोजून 10 रुपये येईल. ओसीआय त्या गणितात धरला जात नाही. या शेअर्सवर लाभांश मिळाला तर तो मात्र नफ्यात जमा होतो.

पुढच्या वर्षी कारखान्याने हे शेअर्स 650 रुपयांना विकले. आता पैसे हातात आले, एकंदर फायदा दीड कोटी झाला. तरीही नफ्याच्या ओळीत यातला एक रुपयाही येत नाही. शेवटच्या वर्षाचे 30 लाखही करवजा जाता ओसीआयमध्येच जातात. साठलेली रक्कम हवी तर संबंधित राखीव निधीतून थेट संचित नफ्यात वळवता येते, पण नफा-तोट्याला वळसा घालूनच. या पर्यायाचा सर्वांत चक्रावून टाकणारा भाग हाच आहे, आणि त्याचे समर्थन करणे सोपे नाही.

त्यामागे एक जुना अनुभव आहे. आधीच्या आंतरराष्ट्रीय मानकात विक्रीनंतर फायदा नफ्यात परत आणला जाई. मग न्याय म्हणून शेअरची किंमत ‘लक्षणीय किंवा दीर्घकाळ’ घसरली तर तोटाही नफ्यात आणावा लागे. लक्षणीय म्हणजे किती टक्के आणि दीर्घ म्हणजे किती महिने, यावर प्रत्येक कंपनीचे उत्तर निराळे होते, आणि 2008 च्या मंदीत ही विसंगती उघडी पडली. मानककर्त्यांनी परत आणण्याची पद्धतच काढून टाकली आणि त्याबरोबर घसरणीची कसोटीही गेली.

चढउतार नफ्यात घेतले तर काय होते, याचा दाखला अमेरिकेत मिळतो. तेथे 2018 पासून अशा शेअर्ससाठी ओसीआयची वाट बंद झाली. त्या वर्षी वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेचा व्यवसायातला नफा सुमारे 24.8 अब्ज डॉलर होता. पण न विकलेल्या शेअर्सवरील कागदी फायद्यात सुमारे 20.6 अब्ज डॉलरची घट झाली, आणि निव्वळ नफा साधारण 4 अब्जांवर आला. विमा, रेल्वे, वीज हे धंदे नीट चालले होते. आकडा मात्र शेअर बाजाराने ठरवला. बफे यांनी असे होईल हे आधीच लिहून ठेवले होते.

ओसीआयमधल्या इतर बाबींचे तत्त्वही जवळपास असेच आहे. ग्रॅच्युइटीचा बोजा सरकारी रोख्यांच्या व्याजदरावर मोजतात. दर घसरला की बोजा फुगतो, पण त्या वर्षी कामगारांच्या कष्टात किंवा व्यवस्थापनाच्या कामात काही बदललेले नसते. म्हणून त्या वर्षाच्या सेवेचा खर्च नफ्यात आणि गृहीतके बदलल्यामुळे झालेला फरक ओसीआयमध्ये जातो. परदेशी उपकंपनीचा हिशेब रुपयांत आणताना विनिमयदरामुळे पडणारा फरकही तेथेच थांबतो, पण ती उपकंपनी विकली की तो नफ्यात येतो. म्हणूनच पत्रकात ओसीआयचे दोन गट असतात. पहिला ‘पुढे नफ्यात कधीच न येणाऱ्या’ बाबींचा. शेअर्स आणि ग्रॅच्युइटी त्यात बसतात. दुसरा ‘पुढे नफ्यात येऊ शकणाऱ्या’ बाबींचा. प्रत्येक गटाखाली त्यावरचा कर वेगळा लिहिलेला असतो.

वर्ष संपल्यावर हा आकडा ताळेबंदात ‘इतर इक्विटी’मध्ये जाऊन बसतो. इक्विटीतील बदलांच्या पत्रकात त्याचे रकाने सुटे पाहता येतात, जसे शेअर्सचा राखीव निधी किंवा विनिमयदराचा राखीव निधी. न विकलेल्या मालमत्तेचा असा कागदी फायदा लाभांश वाटण्यासाठी धरता येत नाही, असे कंपनी कायद्याचे कलम 123 सांगते.

वाचणाऱ्याची फसगत बहुधा गुणोत्तरांत होते. इक्विटीवरील परतावा काढताना वर नफा असतो आणि खाली इक्विटी. ओसीआयमुळे इक्विटी फुगते, नफा तेवढाच राहतो. शेअर्सचा मोठा साठा बाळगणाऱ्या गुंतवणूक कंपनीचा परतावा त्यामुळे अकारण किरकोळ दिसतो. उलट फसवणूकही शक्य असते. चुकीच्या शेअर्समध्ये पैसे घालून तोट्यात विकणाऱ्या कंपनीचा नफा स्वच्छच दिसतो, कारण तो तोटा वरच्या ओळीला कधी शिवतच नाही. हे ओळखायचे तर वित्तीय साधनांवरील टीप उघडावी लागते. कोणत्या गुंतवणुकींसाठी हा पर्याय घेतला, वर्षभरात त्यांपैकी कोणत्या विकल्या, का विकल्या, विक्रीच्या दिवशी मूल्य किती होते आणि एकंदर फायदा किंवा तोटा किती झाला, हे कंपनीला तेथे लिहावे लागते.