चार्जर आपली ऐपत फोनला कशी सांगतो?

जुन्या चौकोनी यूएसबी पिनच्या तोंडात डोकावलं तर चार पिवळसर पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन पट्ट्यांतून ५ व्होल्टची वीज जाते. मधल्या दोन डेटासाठी असतात, एक डी प्लस आणि एक डी मायनस. भिंतीवरच्या चार्जरला डेटा पाठवायचा नसतो, तरी या पट्ट्या तिथे रिकाम्या सोडलेल्या नसतात.

किती करंट ओढायचा हे फोन ठरवतो, चार्जर तो फोनमध्ये ढकलत नाही. पण समोरचा चार्जर एक अँपिअर देऊ शकतो की दोन, हे फोनला आधी कळायला हवं. ॲपलच्या जुन्या चार्जरांनी यासाठी फार स्वस्तातला उपाय काढला. प्रत्येक डेटा पट्टीवर दोन रेझिस्टर लावून ५ व्होल्टचा ठरावीक हिस्सा कायम उभा ठेवायचा. वरच्या बाजूला ७५ आणि खाली ४९.९ किलोओहमचा रेझिस्टर लावला की मध्ये बरोबर २ व्होल्ट मिळतात. वरचा ४३.२ किलोओहमचा केला की साधारण २.७.

आयफोनच्या ५ वॉटच्या चार्जरमध्ये डी प्लसवर २ आणि डी मायनसवर २.७ व्होल्ट असतात. फोन त्याचा अर्थ घेतो, १ अँपिअर. आयपॅडच्या १० वॉटच्या चार्जरमध्ये हेच आकडे उलटे आहेत, आणि अर्थ होतो २.१ अँपिअर. दोन्हीकडे २.७ असतील तर २.४ अँपिअर. आयपॅडचा चार्जर आयफोनला लावला तरी फोन बिघडत नाही, कारण तो आपल्या गरजेपुरतंच घेतो.

इतर कंपन्यांच्या बऱ्याच चार्जरांत मधल्या दोन पट्ट्या एकमेकींना नुसत्या जोडलेल्या असतात. फोन एका पट्टीवर ०.६ व्होल्ट सोडतो आणि तेच दुसरीवर दिसले की हा भिंतीवरचा चार्जर आहे असं ओळखतो. मग दीड अँपिअरपर्यंत ओढायला त्याला मुभा असते. ही खूण न कळलेले अनेक जुने फोन समोर संगणकाचा पोर्ट आहे असं धरून अर्ध्या अँपिअरवरच थांबतात.

म्हणून चार्जर चांगला असूनही फोन रांगत चार्ज होत असेल तर केबल तपासावी. आतल्या पांढऱ्या आणि हिरव्या तारा डेटाच्या. त्यातली एक तुटली तरी लाल आणि काळ्या तारांतून वीज जातच राहते, फक्त चार्जरची खूण फोनपर्यंत पोचत नाही. त्याच केबलने संगणकावर फोटो उतरत नसतील तर दोष बहुतेक तिथेच आहे.

या पद्धतीत खरी पडताळणी मात्र कुठेच होत नाही. एक अँपिअरच्या हलक्या चार्जरमध्ये २.४ अँपिअरचे रेझिस्टर बसवले तर फोन विश्वास ठेवून तेवढा करंट ओढू पाहतो. मग चार्जर चटका बसेल इतका तापतो, ५ व्होल्टचा दाब खाली घसरतो आणि चार्जिंगचं चिन्ह सारखं येत-जात राहतं. असं दिसलं की तो चार्जर लगेच काढावा आणि पुन्हा वापरू नये.